विश्लेषण : लग्नाआधीची ग्रहशांती आणि पत्रिकेतल्या दोषाची शांती एकच का? गुरुजींचे म्हणणे कसे पडताळायचे?

तुळशीचे लग्न लागले की नांदेड-लातूर रस्त्यावरच्या लोह्यात आणि आसपासच्या गावांत लग्नाच्या तारखा धरायला सुरुवात होते. सोयरीक जुळते, पाहुण्यांची ये-जा होते, बस्ता बांधायचा दिवस ठरतो आणि त्याच सुमारास मुला-मुलीच्या पत्रिका गुरुजींच्या हातात जातात. ‘मुलीला कडक मंगळ आहे, शांती करावी लागेल’ असे तिथे सांगितले गेले की घरातली बोलणी थांबतात. पाठोपाठ खर्चाचा आकडा येतो. तो सोयाबीनच्या पट्टीतून भागण्यासारखा नसला तरी सोयरीक मोडू नये म्हणून मान्य केला जातो. प्रत्यक्षात गुरुजींनी सांगितलेल्या गोष्टींपैकी बऱ्याच गोष्टी घरच्या घरी तपासता येतात. त्यासाठी शास्त्री असण्याची गरज नाही. पंचांग, जन्माची खरी नोंद आणि थोडा हिशेब एवढे पुरते.

ग्रहशांती म्हणजे नेमके काय?

एकाच नावाखाली दोन वेगळे विधी येतात आणि बहुतेक घोळ तिथेच सुरू होतो. पहिला विधी म्हणजे ग्रहमख किंवा ग्रहयज्ञ. ज्या घरांत वैदिक किंवा पौराणिक पद्धतीने लग्न लागते, तिथे लग्नाच्या आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी सकाळी देवक बसवताना तो केला जातो. त्याचा पत्रिकेतल्या दोषाशी संबंध नसतो. पत्रिका पाहिलेलीच नसली तरी तो होतो. वधू आणि वर या दोघांच्या घरी होतो आणि नेहमीच्या लग्नविधीचाच तो भाग असतो.

दुसरा विधी म्हणजे दोषशांती. पत्रिकेत मंगळ, नाडी, मूळ किंवा आश्लेषा नक्षत्र, कालसर्प असे काही ‘निघाले’ तर त्यावर उपाय म्हणून ती सांगितली जाते. हिची दक्षिणा वेगळी, साहित्य वेगळे आणि अनेकदा ठिकाणही वेगळे असते. लोह्याहून थेट त्र्यंबकेश्वर गाठायला सांगितले जाते ते याच प्रकारात. नवीन घराची वास्तुशांती हा तिसरा विधी. बोलताना ‘ग्रहशांती’ आणि ‘गृहशांती’ असा उच्चारांचा गोंधळ होतो, म्हणून आपण कशाबद्दल बोलतो आहोत हे आधी स्पष्ट करून घ्यावे. ‘लग्नातला ग्रहमख धरून सांगता की वेगळी दोषशांती?’ एवढे विचारले तरी एकाच कामाचे दोनदा पैसे जाण्याची शक्यता बरीच कमी होते.

हे विधी सगळ्या घरांत होत नाहीत, हेही लक्षात ठेवावे. या भागातल्या लिंगायत कुटुंबांत लग्न जंगमांच्या हातून लागते. बौद्ध आणि सत्यशोधक पद्धतीच्या लग्नांत ग्रहमख नसतो. हिंदू विवाह कायदा १९५५ च्या सातव्या कलमानुसार वधू किंवा वराच्या घराण्यातल्या रूढ विधींनी लागलेले लग्न वैध असते. ग्रहशांती राहिली म्हणून लग्न कायद्याने कच्चे ठरत नाही.

विधीत काय काय होते?

सुरुवात गणपतीपूजनाने होते. मग पुण्याहवाचन, मातृकापूजन आणि पितरांची आठवण ठेवणारे नांदीश्राद्ध. नांदीश्राद्ध झाल्यावर भावकीत कुणी वारले तरी त्या कार्याला सुतक लागत नाही, असा धर्मशास्त्रातला संकेत आहे. म्हणूनच मोठ्या भावकीतली घरे ते वेळेआधी उरकून घेतात. यानंतर आचार्य आणि इतर ब्राह्मणांना काम सोपवले जाते आणि अग्नी स्थापन होतो.

नंतर पाटावर किंवा चौरंगावर पांढऱ्या कापडावर तांदळाच्या राशी घालून ग्रहांचे मंडल मांडतात. प्रत्येक राशीवर एक सुपारी. मध्ये सूर्य, पूर्वेला शुक्र, आग्नेयेला चंद्र, दक्षिणेला मंगळ, नैऋत्येला राहू, पश्चिमेला शनी, वायव्येला केतू, उत्तरेला गुरू आणि ईशान्येला बुध. प्रत्येक ग्रहाच्या दोन्ही बाजूंना त्याच्या आणखी दोन देवता असतात. शिवाय दिशांचे रक्षक येतात. त्यामुळे सुपाऱ्यांची संख्या नऊवर थांबत नाही.

होमात प्रत्येक ग्रहाला वेगळ्या झाडाची समिधा लागते. याज्ञवल्क्य स्मृतीच्या आचाराध्यायात ग्रहशांतीचे प्रकरण आहे आणि आजही तीच यादी चालते. सूर्याला रुई, चंद्राला पळस, मंगळाला खैर, बुधाला आघाडा, गुरूला पिंपळ, शुक्राला उंबर, शनीला शमी, राहूला दूर्वा आणि केतूला दर्भ. लोहा-कंधारच्या माळावर, बांधावर आणि गावठाणात यातली बहुतेक झाडे मिळतात. ‘खास समिधा बाहेरून मागवाव्या लागतात’ म्हणून वेगळे पैसे मागितले गेले, तर ही नऊ नावे विचारून पाहावीत. आघाडा तर पावसाळ्यानंतर कुठल्याही कुंपणाला उभा असतो.

त्याच प्रकरणात आहुतींची संख्याही दिली आहे. प्रत्येक ग्रहाला १०८ किंवा २८. म्हणजे २८ चा आकडा हा ‘अर्धवट’ विधी नव्हे, तोही ग्रंथातलाच पर्याय आहे. मत्स्यपुराणात ग्रहयज्ञाचे मोठे प्रकारही आहेत. अयुतहोम दहा हजार आहुतींचा, लक्षहोम लाखाचा आणि कोटिहोम कोटीचा. पण तिथेच असाही सल्ला आहे, की ज्याच्याजवळ पैसा कमी आहे त्याने लक्षहोमाच्या फंदात पडू नये आणि अनेक ब्राह्मण बोलावण्याऐवजी जाणत्या एकाचाच मान राखावा. ‘अकरा ब्राह्मणांशिवाय फळ नाही’ असे कुणी म्हणत असेल तर त्या म्हणण्याला ग्रंथाचा आधार नाही.

होमानंतर बलिदान होते. हा बळी उडदाचा आणि भाताचा असतो. मग पूर्णाहुती, यजमानावर कलशातल्या पाण्याचा अभिषेक, दक्षिणा आणि आशीर्वाद.

घड्याळ लावले तर काय दिसते?

जपाच्या बाबतीत सर्वाधिक फसवणूक होऊ शकते, कारण तो यजमानासमोर होतोच असे नाही. मंगळाच्या जपाची रूढ संख्या १० हजार आहे. मंगळाचा वैदिक मंत्र स्वच्छ म्हणायला साधारण ८ सेकंद लागतात. १० हजार वेळा म्हणायचा तर ८० हजार सेकंद, म्हणजे २२ तासांहून थोडे अधिक. चार जण बसले तर प्रत्येकाला साडेपाच तास. कलियुगात चौपट जप करायचा म्हणून ४० हजारांचे पैसे घेतले, तर चार जणांना प्रत्येकी २२ तास बसावे लागेल. एकट्या गुरुजींनी ‘सकाळी जप उरकला, आता होम करू’ म्हटले तर आकडा जुळत नाही.

होमाचेही तसेच. समिधा, भात आणि तूप या तिन्ही द्रव्यांच्या प्रत्येक ग्रहाला १०८ आहुती द्यायच्या तर नऊ ग्रहांच्या मिळून २ हजार ९१६ होतात. एका आहुतीला ३ सेकंद धरले तर सुमारे अडीच तास, आणि तीन जणांनी तीन द्रव्ये एकाच वेळी दिली तर पाऊण तासाहून थोडे जास्त. २८ चा आकडा धरला तर ७५६ आहुती एका माणसालाही पाऊण तासाच्या आत देता येतात. अर्ध्या तासात सगळी पूजा संपली आणि पैसे १०८ च्या होमाचे घेतले, तर विचारणा करायला हरकत नाही. थोडक्यात विधी करणे हा गुन्हा नाही. पण जे करणार नाही त्याचे पैसे घेणे योग्य नाही.

‘मंगळ आहे’ म्हणजे काय?

महाराष्ट्रातल्या रूढ नियमाप्रमाणे पत्रिकेत मंगळ पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या स्थानी असला की मंगळदोष धरतात. दक्षिणेकडे दुसरे स्थानही मोजतात. स्थाने एकूण बारा. मंगळ कुठेही असू शकतो असे धरले तर बारापैकी पाच, म्हणजे शंभरातल्या सुमारे ४२ जणांना मंगळ निघणार. काही जण लग्नाबरोबर चंद्रापासूनही मोजतात. मग हा आकडा ६६ च्या आसपास जातो. शुक्रापासूनही मोजले तर ८० पर्यंत. मोजायच्या जागा वाढवत नेल्या की जवळजवळ प्रत्येक घरात मंगळ सापडतो. म्हणून ‘मुलीला मंगळ आहे’ हे ऐकल्यावर पहिला प्रश्न ‘कुठून मोजला?’ हा असावा.

दुसरा प्रश्न अपवादांचा. ज्या परंपरेने हा दोष सांगितला तिनेच तो रद्द होण्याचे नियमही सांगितले आहेत. मंगळ स्वतःच्या मेष किंवा वृश्चिक राशीत असणे, उच्चीच्या मकर राशीत असणे, त्यावर गुरूची दृष्टी असणे, दोन्ही पत्रिकांत मंगळ असणे, असे अनेक. सगळे अपवाद लावले की खऱ्या अर्थाने ‘सदोष’ म्हणाव्यात अशा पत्रिका थोड्याच उरतात. मोबाइलवरची अनेक ॲप ‘मंगळदोष आहे’ एवढेच लाल अक्षरात दाखवतात आणि अपवाद तपासत नाहीत.

एक पत्रिका तपासून पाहू

समजा, लोहा तालुक्यातल्या एका मुलीची पत्रिका आहे. सिंह लग्न, मंगळ वृश्चिकेत, चंद्र मिथुनेत. गुरुजींनी ‘चौथा मंगळ, कडक’ असे सांगून जप आणि होम मिळून मोठा आकडा दिला आहे. आता बोटांवर मोजायचे. सिंह पहिले, कन्या दुसरे, तूळ तिसरे, वृश्चिक चौथे. मंगळ चौथा आहे, गुरुजींची मोजणी बरोबर. पण वृश्चिक ही मंगळाची स्वतःची रास, म्हणजे त्याच शास्त्राच्या अपवादाने दोष राहत नाही. चंद्रापासून पाहू. मिथुन पहिले, कर्क दुसरे, सिंह तिसरे, कन्या चौथे, तूळ पाचवे, वृश्चिक सहावे. सहावे स्थान दोषाच्या यादीतच नाही. म्हणजे ज्योतिषाच्या चौकटीत राहूनही या मुलीला शांतीची गरज सिद्ध होत नाही.

आता जन्मवेळ पाहू. लग्नरास साधारण दर दोन तासांनी बदलते. या मुलीचा जन्म सिंह लग्न संपत आले असताना झाला असेल आणि नोंद दहा मिनिटे चुकली असेल, तर खरे लग्न कन्या निघेल. मग वृश्चिक तिसरे होते आणि मंगळ दोषस्थानी राहतच नाही. वेळ कुठून घेतली, आजीच्या आठवणीतून की दवाखान्याच्या कागदावरून, हे विचारायला हवे.

ग्रामीण महाराष्ट्रात याहून मोठी अडचण तारखेची आहे. शाळेत नाव घालताना जन्मतारीख माहीत नसली की गुरुजी १ जून लिहून टाकत. आजही घरटी एखाद्या मोठ्या माणसाचा वाढदिवस १ जूनला येतो. मुलाच्या किंवा मुलीच्या टीसीवरही अशीच तारीख असेल आणि त्यावरून पत्रिका मांडली असेल, तर तिच्यातला मंगळ, नाडी, नक्षत्र यातले काहीच त्या माणसाचे नाही. ग्रामपंचायत किंवा नगरपंचायतीच्या जन्मनोंदीशी तारीख ताडून पाहणे हे पत्रिका दाखवण्याआधीचे काम आहे.

एक नाडी म्हणजे एक रक्तगट?

गुणमेलनात ३६ गुण असतात आणि त्यातले सर्वाधिक ८ नाडीला आहेत. म्हणून एक नाडी आली की ८ गुण एकदम जातात. २७ नक्षत्रांची नऊ-नऊ अशी तीन नाड्यांत वाटणी असल्यामुळे साधारण दर तीन जोड्यांपैकी एकीची नाडी एक येणारच. मात्र हल्ली ‘एक नाडी म्हणजे एक रक्तगट, मुले व्यंग असलेली होतात’ असे सांगितले जाते. त्यात तथ्य नाही. नाडी ठरते जन्माच्या वेळी चंद्र कुठल्या नक्षत्रात होता त्यावरून, तर रक्तगट येतो आई-वडिलांकडून. एकाच रक्तगटाच्या सख्ख्या भावंडांच्या नाड्या वेगळ्या असू शकतात.

नवरा-बायकोचा रक्तगट एकच असण्यात काही धोका नाही. काळजी घ्यावी लागते ती आईचा गट निगेटिव्ह आणि वडिलांचा पॉझिटिव्ह असेल तेव्हा, आणि त्यासाठी गरोदरपणात व बाळंतपणानंतर देण्याचे ‘अँटी-डी’ इंजेक्शन उपलब्ध आहे. नात्यात लग्न ठरत असेल तर सिकलसेल आणि थॅलेसेमियाची रक्ततपासणी करून घेणे अधिक उपयोगाचे. शांतीचा खर्च करताना ही तपासणी मात्र राहून जाते.

कालसर्पाबद्दलही एक गोष्ट माहीत असावी. सगळे ग्रह राहू-केतूच्या एका बाजूला आले की कालसर्प म्हणतात. बृहज्जातकासारख्या जुन्या मान्य ग्रंथांत या नावाचा योग नाही. तो नंतर प्रचारात आला. ‘हजारो वर्षांचे शास्त्र’ म्हणून त्याची भीती घातली जात असेल तर ग्रंथाचे नाव विचारावे.

शांती केल्याने फळ मिळते का?

गुरुजींची विधाने तीन प्रकारची असतात. विधी असा करतात, हे पोथीत पाहता येते. पत्रिकेत अमुक आहे, हे पंचांगात पाहता येते. ‘शांती केली की संसार टिकेल, नाही केली तर नवऱ्याच्या जिवाला धोका’ हे तिसरे विधान मात्र कुठेच पाहता येत नाही, आणि पैसे बहुतेक वेळा याच विधानावर मागितले जातात.

पत्रिकेवरून माणसाबद्दल सांगता येते का, याची महाराष्ट्रात एक रीतसर चाचणी झाली आहे. २००८ मध्ये जयंत नारळीकर यांच्या पुढाकाराने, नरेंद्र दाभोलकर आणि इतरांच्या सहभागाने १०० हुशार आणि १०० मतिमंद मुलांच्या पत्रिका गोळा करण्यात आल्या. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिका पाहून कोणती मुले कुठल्या गटातली ते सांगितले. उत्तरे ४६ टक्के बरोबर आली. नाणे उडवले असते तरी निम्मी बरोबर येण्याची शक्यता होती. ही चाचणी मंगळाची किंवा शांतीची नव्हती, हे खरे. पण पत्रिकेवरून एवढा ठळक फरक ओळखता आला नाही, तर ‘नवऱ्याच्या जिवाला धोका’ ठामपणे सांगणाऱ्यावर किती विसंबायचे हे त्यावरून ठरवता येते. याज्ञवल्क्याच्या त्या प्रकरणातही ग्रहयज्ञाचे हेतू समृद्धी, शांती, पाऊस, आयुष्य असे आहेत. ‘मंगळाची मुलगी’ हा तिथे विषयच नाही.

प्रत्यक्षात या भीतीचा भार मुलीवर अधिक पडतो. मंगळ मुलाच्या पत्रिकेत असला तर तो बहुधा बोलून मिटतो, मुलीचा असला तर स्थळे परत जातात. मूळ नक्षत्राची मुलगी सासऱ्याला, आश्लेषाची सासूला वाईट, अशा समजुतींनी ठरलेल्या सोयरिकी मोडतात. त्यातून पत्रिका बदलून आणण्याचा धंदाही चालतो. ज्या घराने पत्रिका बदलली, त्या घरानेच मग तिच्यावरची शांती मनोभावे करावी, हा विरोधाभास कुणी बोलून दाखवत नाही.

कायदा काय म्हणतो?

महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. त्यात सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत दंडाची तरतूद आहे. मात्र घरी होणारे साधे धार्मिक विधी आणि ज्योतिषाचा सल्ला यांना तो लागू होत नाही. साधी ग्रहशांती करणे किंवा सांगणे गुन्हा नाही. चमत्कार दाखवून पैसे उकळणे, अघोरी प्रकार करणे किंवा भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे या गोष्टी मात्र त्या कायद्याच्या कक्षेत येतात.

खोटे सांगून पैसे घेतल्यास भारतीय न्याय संहितेचे फसवणुकीचे कलम ३१८ आहे. त्याच संहितेतले कलम ३५४ फारसे कुणाला ठाऊक नसते. ‘माझे ऐकले नाही तर मी देवाचा कोप घडवून आणीन’ अशी भीती घालून एखाद्याला काही करायला लावणे हा त्यानुसार गुन्हा असून एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ग्रहाचे वाईट फळ सांगणे वेगळे आणि स्वतःच्या शापाची धमकी देणे वेगळे. दुसऱ्या गोष्टीची तक्रार पोलिसांत होऊ शकते. त्यासाठी व्हॉट्सॲपवरचे निरोप आणि पैसे पाठवल्याची नोंद पुसू नये.

इसार देण्याआधी काय विचारावे?

नीट काम करणारे गुरुजी या भागात भरपूर आहेत आणि प्रश्न विचारल्याने ते रागावत नाहीत. त्यांच्याकडून एका कागदावर पाच गोष्टी लिहून घ्याव्यात : कुठला विधी, किती ब्राह्मण, जप किती व कुठे बसून होणार, आहुती १०८ की २८, आणि साहित्य धरून एकूण दक्षिणा किती. साहित्य स्वतः आणायची मुभा मागावी. दोष सांगितला असेल तर कुठून मोजला आणि अपवाद पाहिले का, हे विचारावे. मग तीच पत्रिका, आधीचे काही न सांगता, दुसऱ्या जाणकाराला दाखवावी. दोघांची उत्तरे वेगळी आली तर घाई करण्याचे कारण उरत नाही.

‘आजच्या आज ठरवा’, ‘घरात कुणाला सांगू नका’, ‘ही शांती फक्त मीच करतो’, ‘खडा माझ्याकडूनच घ्या’, ‘दवाखाना बंद करा’ यातले एक जरी वाक्य ऐकू आले तरी तिथून उठावे. विधीनंतर महिनाभरात ‘शांती अपुरी राहिली’ म्हणून पुन्हा पैसे मागितले गेले तर पहिला कागद समोर ठेवावा.

ज्या घराला ग्रहमख हवा आहे त्याने तो २८ आहुतींचा, एका गुरुजींकडून, झेपेल त्या दक्षिणेत करावा. परंपरेला तेवढे मान्य आहे. दोषशांतीसाठी सावकाराचे पैसे उचलणे किंवा दोषापायी चांगली सोयरीक मोडणे मात्र शहाणपणाचे नाही. मुलाचे शिक्षण, रोजगार, व्यसन, घरातली वागणूक आणि दोघांची रक्ततपासणी यांची चौकशी पाहुण्यांकडे मोकळेपणाने करता येते. मुलीचा पुढचा संसार कसा होईल याचा अंदाज चौथ्या स्थानातल्या मंगळापेक्षा या चौकशीतून अधिक नीट येतो.